चुकांची वही: 'सिली मिस्टेक' लिहून काही होत नाही (वाचकांचे प्रश्न)

मी दोन महिने मॉकमधल्या चुका वहीत लिहितेय. गणितात जवळजवळ सगळ्या चुकांपुढे 'सिली मिस्टेक' असंच लिहिलंय. मग दर रविवारी वाचून करू काय?

काहीच करता येणार नाही, कारण त्या वहीत चूक लिहिलेलीच नाहीये, फक्त चूक झाल्याचा वैताग लिहिलाय. 'सिली' हे कारण नव्हे. एन्ट्रीत यायला हवी ती चुकलेली ओळ, रफ वर्कमध्ये होती तशीच्या तशी.

एक उदाहरण घेऊ. समीकरण आहे 15 − 2(x − 4) = 9. तुम्ही कंस सोडवताना 15 − 2x − 8 = 9 लिहिलं आणि x = −1 आलं. खरं तर दुसऱ्या पदाचं चिन्ह बदलून 15 − 2x + 8 = 9 व्हायला हवं, म्हणजे x = 7. आता याच्यापुढे 'सिली' लिहिलं तर विषय संपला. पण 'कंसाच्या आधी मायनस होता, पहिल्या पदाचं चिन्ह बदललं, दुसऱ्याचं तसंच राहिलं' असं लिहिलं तर पुढच्या वेळी कुठे थांबायचं ते कळतं. लिहिताना स्वतःला एवढंच विचारा, की कुठल्या ओळीपर्यंत सगळं बरोबर होतं आणि त्याच्या पुढच्या ओळीत हाताने नक्की काय केलं. आणि हे पेपर झाल्यावर त्याच दिवशी करा, दोन दिवसांनी स्वतःचंच रफ वर्क परकं वाटायला लागतं आणि मग माणूस कारण आठवत नाही, बनवतो.

मी चॅप्टरवाइज लॉग ठेवलाय, प्रत्येक चॅप्टरला वेगळं पान. पण रिपीट होणारी चूक एकही सापडत नाही. म्हणजे माझ्या चुका रिपीट होतच नाहीत का?

होत असणार, चॅप्टरच्या भिंतीआड लपल्यात. समजा तुमच्या वहीत या तीन एन्ट्री तीन वेगळ्या पानांवर आहेत. एक वरचं समीकरण. दुसरी बहुपदींची वजाबाकी, (3x² + 2x) − (x² − 5x), जिथे उत्तर 2x² + 7x यायला हवं तिथे तुम्ही 2x² − 3x लिहिलं. तिसरी इंटिग्रेशनची, x² − 2x हे 1 ते 3 मर्यादांमध्ये. इंटिग्रेट केलं की x³/3 − x² मिळतं, त्यात वरची मर्यादा टाकून 0 येतं, खालची टाकून (1/3 − 1), म्हणजे −2/3, ते वजा केलं की उत्तर 2/3. तुम्ही मात्र 0 − 1/3 − 1 असं उतरवलं आणि −4/3 वर पोचलात.

वरवर बघितलं तर 'समीकरणं कच्ची, बहुपदी कच्च्या, इंटिग्रेशन कच्चं' असं वाटेल आणि तुम्ही तीन चॅप्टर पहिल्यापासून करायला बसाल. पण चूक एकच आहे, मायनसच्या पुढचा कंस. इंटिग्रेशन तुम्हाला येतंय हो! म्हणून चॅप्टरचं नाव कोपऱ्यात बारीक लिहा आणि मुख्य लेबल द्या ते क्रियेचं: 'मायनस + कंस', 'एकक बदललं नाही', 'प्रश्नातला "नाही" वाचला नाही', 'विचारलं होतं y, लिहिलं x'. लेबलं आधीच ठरवून तक्ता आखू नका, पंधरा-वीस एन्ट्री झाल्या की ती आपोआप दिसायला लागतात.

आठवड्याचा रिव्ह्यू नेमका कसा करायचा? मी सगळ्या एन्ट्री वाचून काढतो, अर्धा तास जातो, सगळं समजलेलं असतं आणि मंगळवारी परत तेच.

वाचल्यावर समजतंच, अडचण तीच आहे. उत्तर समोर असताना 'हो हो, माहितीये' वाटणं आणि कोऱ्या कागदावर ते करता येणं, यात फार अंतर असतं.

वाचायचं नाही, सोडवायचं. एन्ट्री लिहितानाच मूळ प्रश्न एका बाजूला आणि चुकलेली ओळ आणि दुरुस्ती पानाच्या मागे ठेवा. रिव्ह्यूच्या दिवशी मागची बाजू न बघता सोडवा, शक्य असेल तर आकडे बदलून, नाहीतर x = 7 हे उत्तरच पाठ होऊन बसतं. बरोबर आलं तर तारीख टाका. दोनदा, मध्ये किमान दोन आठवड्यांचं अंतर ठेवून, बरोबर आलं की त्या एन्ट्रीवर काट मारा. हा नियम नसेल तर वही फुगत जाते आणि तिसऱ्या महिन्यात कोणी ती उघडत नाही.

एक भर घाला: उत्तर लिहिताना किती खात्री होती तेही नोंदवा, पक्की की अंदाज. बटरफिल्ड आणि मेटकाफ या मानसशास्त्रातल्या संशोधकांनी २००१ मध्ये दाखवलं होतं की पूर्ण खात्रीने केलेली चूक, बरोबर उत्तर लगेच कळलं तर, उलट जास्त चांगली दुरुस्त होते. पण हे बघून गाफील राहू नका, मध्ये उजळणी झाली नाही तर ती जुनी खात्री काही दिवसांनी परत डोकं वर काढू शकते, म्हणून 'पक्की' खुणेच्या एन्ट्री रिव्ह्यूत आधी घ्या.

शेवटी त्या आठवड्यासाठी एकच लेबल निवडा, सगळ्यात जास्त वेळा आलेलं, आणि त्याचा 'जर–तर' नियम लिहा. 'लक्ष देईन' हा नियम नाही. 'मायनसपुढे कंस दिसला, तर कंस सोडवायची ओळ वेगळी लिहायची आणि आतल्या प्रत्येक पदाचं नवं चिन्ह आधी मांडायचं' हा नियम. फरक बघा, यात कधी ते पण आहे आणि हाताने काय करायचं ते पण.

नियम लावूनही चुका कमी होत नाहीत. मागच्या आठवड्यात ४ होत्या, या आठवड्यात ६.

किती संधींपैकी? मागच्या आठवड्यात असे कंस ८ आले असतील आणि या आठवड्यात ३०, तर तुम्ही निम्म्यावरून पाचव्या भागावर आलात. नुसती चुकांची संख्या सरावाबरोबर वाढते. सगळ्याच लेबलांच्या संधी मोजत बसायची गरज नाही, फक्त त्या आठवड्याच्या लेबलाची संधी आली की दर वेळी रफ वर्कच्या कडेला एक रेघ ओढत जा.

आणि दर खरंच तसाच राहिला तर नियम पाळला गेला का ते आधी बघा. वेगळी ओळ कागदावर दिसतेय का? दिसत नसेल तर चूक नियमात नाही, घाईत तो आठवलाच नाही. मग आठवडाभर घड्याळ न लावता सोडवा, सवय लागली की घड्याळ परत चालू.

माझा मुलगा नववीत आहे. त्याच्या वहीत चुका इतक्या आहेत की लिहिण्यातच संध्याकाळ जाते. काय लिहायचं, काय सोडायचं?

आधी चाळणी लावा. चुकलेलं गणित त्याला उत्तर न दाखवता, घड्याळ न लावता परत द्या. स्वतःहून बरोबर आलं तर ती चूक हाताची किंवा नजरेची, ती वहीत जाते. तरीही आलं नाही तर ते त्याला येतच नाहीये, ते वहीत लिहून उपयोग शून्य, तो भाग परत शिकायला हवा. बऱ्याच वह्या याच दुसऱ्या प्रकाराने भरलेल्या असतात. आणि ताई, लिहू द्या त्यालाच, तुम्ही सुवाच्य अक्षरात लिहून दिलंत तर वही छान दिसेल पण त्याच्या हाताने काय केलं ते तुम्हाला कसं कळणार?

वही की एक्सेल?

गणितासाठी वही, कारण चुकलेली ओळ टाइप करायचा कंटाळा येतो आणि मग परत 'सिली' लिहिलं जातं. एक्सेल हवंच असेल तर फक्त लेबल आणि तारखा त्यात ठेवा, मोजायला सोपं जातं.