ठोकळ्यातला कोन नेमका कोणता?

“मॅडम, आम्ही मस्कतला असतो. मुलगी आठवीपर्यंत पुण्यात शिकली, आता केंब्रिजच्या आयजीसीएसईची तयारी करते आहे. सपाट त्रिकोणाची त्रिकोणमिती तिला छान जमते, पण ठोकळ्याची आकृती आली की उत्तर हमखास चुकते. शिकवणीच्या सरांचे म्हणणे आहे की तिला त्रिमितीची दृष्टीच नाही. खरेच तसे असते का? विज्ञान शाखेचा विचार सोडून द्यावा का?”

दिवाळीच्या सुट्टीत मायलेकी पुण्याला आल्या, तेव्हा मी त्यांना सरावाची वही घेऊन यायला सांगितले होते. दृष्टी आहे की नाही हे ठरवण्याआधी चुकलेली उत्तरे पाहावीत असा माझा शिरस्ता आहे, कारण या प्रकरणात चुकीचा आकडाच बहुधा सांगतो की मुलाने कोणता त्रिकोण पकडला होता.

वहीत एक इष्टिकाचिती होती. लांबी 12 सेंमी, रुंदी 9 सेंमी, उंची 8 सेंमी. तळ ABCD, आणि A च्या वर E, B च्या वर F, C च्या वर G, D च्या वर H. कर्ण AG तळाशी किती अंशाचा कोन करतो, असा प्रश्न होता. मुलीने आधी 33.7° लिहून खोडले होते आणि खाली 45.1° लिहिले होते. दोन्ही उत्तरांतली आकडेमोड अगदी बिनचूक होती. 33.7° हा समोरच्या पृष्ठावरच्या AF या विकर्णाचा तळाशी होणारा कोन, कारण tan θ = 8/12. 45.1° हा AG आणि AB या कडेमधला कोन, कारण cos θ = 12/17. म्हणजे पायथागोरसचे प्रमेय दोनदा वापरून तिने कर्णाची 17 सेंमी ही लांबीही बरोबर काढली होती. जिला ठोकळा दिसत नाही, तिला हे जमत नाही.

मी तिला विचारले, “रेषा आणि प्रतल यांच्यातला कोन म्हणजे काय, हे तुझ्या शब्दांत सांगशील?” ती थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, “रेषा जिथे टेकते तिथला कोन.” दुखणे इथेच होते. टेकण्याच्या बिंदूतून तळावर हव्या तितक्या रेषा काढता येतात आणि प्रत्येकीशी AG चा कोन निराळा येतो. त्यांतली कोणती धरायची हे तिला कुणी सांगितलेच नव्हते, म्हणून आकृतीत आधीपासून छापलेली कड तिने धरली.

माझ्या कपाटात चपलांचे एक खोके आहे. त्याच्या तळाच्या एका कोपऱ्यातून समोरच्या वरच्या कोपऱ्याकडे विणकामाची सुई तिरकी उभी केली आणि मोबाइलचा दिवा तिच्या बरोबर वर धरला. सुईची सावली तळावर पडली, ती लांब कडेवरही नव्हती आणि आखूड कडेवरही नव्हती. ती तळाच्या विकर्णावर होती. सुई आणि तिची ही लंब सावली, म्हणजेच प्रक्षेप, यांच्यातला कोन तोच रेषेचा प्रतलाशी असलेला कोन. आकृतीत याचा अर्थ असा की G पासून तळावर लंब टाकायचा, तो C वर पडतो, आणि A ते C जोडायचे. AC = 15 सेंमी, GC = 8 सेंमी, म्हणून tan θ = 8/15 आणि θ = 28.1°.

तिने लगेच विचारले, “पण हाच का?” प्रश्न रास्त होता. AB शी कोन 45.1° येतो, AD शी 58.0° येतो, AC शी 28.1°, सावलीपासून कोणत्याही बाजूला वळले की कोन वाढतच जातो. प्रतलाशी असलेला कोन म्हणजे या सगळ्यांतला सर्वांत लहान. यामुळे तपासणीची एक सोपी खूणही मिळते: तळाच्या कोणत्याही कडेशी येणाऱ्या कोनापेक्षा आपले उत्तर मोठे निघाले, तर त्रिकोण चुकला.

आता सरांना जी दृष्टी हवी होती तिच्याबद्दल. कागदावरच्या तिरप्या आकृतीत ∠ACG हा काटकोन शंभर अंशांच्या वर दिसतो, आणि मुलांचा त्यावर विश्वास बसत नाही. डोळ्यांना दोष देण्यात अर्थ नाही, आकृतीच तशी काढलेली असते. उपाय एवढाच की तीन शिरोबिंदू निवडले की तो त्रिकोण बाजूला, सपाट, खऱ्या काटकोनासह पुन्हा काढायचा. तिच्या वहीत असा एकही सुटा त्रिकोण नव्हता.

दुसऱ्या बैठकीत दोन कर्णांमधल्या कोनाचा प्रश्न घेतला. AG आणि CE मधला कोन तिने 90° लिहिला होता, कारण फुली चौरसाच्या विकर्णांसारखी दिसते. हे दोन्ही कर्ण ACGE या आयतात आहेत, ज्याच्या बाजू 15 आणि 8 आहेत. आयताचे विकर्ण समान असतात आणि एकमेकांना दुभागतात, पण आयत चौरस नसेल तर लंब नसतात. मध्यबिंदूपाशी 8.5, 8.5 आणि 8 बाजूंचा समद्विभुज त्रिकोण मिळतो, त्यातून कोन 56.1°. तो 28.1° च्या जवळपास दुप्पट का, हे तिने स्वतःच ओळखले: आयतातच A पाशी तो कोन आहे, आणि अंशाच्या दशांशातला फरक आधीच पूर्णांकन केल्यामुळे पडला.

मग मी AG आणि BH विचारले. हा आयत निराळा, ABGH; एक बाजू 12, दुसरी BG = √145. तिने √145 चे 12.0 केले, आयताचा चौरस झाला आणि उत्तर आले 90.0°. केंब्रिजला अंश एका दशांश स्थळापर्यंत लागतात, आणि खरे उत्तर 89.8° आहे. मध्येच केलेले पूर्णांकन इथे नेमके गुण घालवते. वर्गमूळ शेवटपर्यंत तसेच ठेवावे. (हा ठोकळा मी मुद्दाम निवडला नव्हता, तो वहीतलाच होता; पण याहून चांगला मला शोधूनही सापडला नसता.) कोसाइन सूत्राने अंशस्थानी 145 − 144 = 1 आणि छेदस्थानी 289 राहतात. तो 1 नसता तर काटकोन झाला असता.

आईंना मी सांगितले की शाखेचा निर्णय या वहीवरून घेऊ नये. वहीत व्याख्येची उणीव आहे, क्षमतेची नाही. महिनाभर प्रत्येक उदाहरणात आधी लंब कुठे पडतो ते लिहायचे, मग सुटा त्रिकोण काढायचा आणि त्यानंतरच गणकयंत्र हातात घ्यायचे, एवढे ठरले.

तीन आठवड्यांनी मस्कतहून वहीच्या पानाचा फोटो आला. 15, 12 आणि 9 सेंमी कडांची इष्टिकाचिती होती आणि शेजारी 225 = 144 + 81, म्हणून कर्णांची एक जोडी बरोबर 90°. त्याखाली तिने लिहिले होते की त्याच कर्णाशी आणखी एक कर्णही काटकोनात आणायचा प्रयत्न केला, तर एक कड शून्य होते आणि खोकेच उरत नाही.