हाताने रंगवलेल्या पेटीवरचा उजेड

गेमसाठी खजिन्याची लाकडी पेटी रंगवतोय, पीबीआर नको आहे. उजेड-सावली टेक्स्चरमध्येच कशी आणायची?

उजेड वरूनच येतो असं धरा. बाजूने धरलात, तर मिरर केलेल्या यूव्हीमुळे पेटीच्या एका अर्ध्या भागावर तो उलट्या दिशेने दिसतो आणि मधला सांधा डोळ्यात भरतो. आधी अँबियंट ऑक्लूजन बेक करून मूळ रंगावर मल्टिप्लाय करा, पण ती सावली काळी ठेवू नका. तपकिरी लाकडावर जांभळट छटा फार छान बसते. त्यावर खाली गडद होत जाणारा ग्रेडियंट द्या. लोखंडी पट्टीच्या वरच्या कडेला फिकट रेघ ओढा, पट्टीखाली लाकडावर छाया. चकाकी बेतानेच रंगवा, कारण कॅमेरा फिरला तरी ती जागची हलत नाही. तपासताना मटेरियल अनलिट ठेवा, नाहीतर इंजिनमधल्या लाइटची सावली रंगवलेल्या सावलीवर चढते.