बांगडा खाल्ल्यावर अर्ध्या तासात तोंड लालबुंद झालं, डोकं ठणकायला लागलं. ही फिश अ‍ॅलर्जी का? मित्र म्हणतो चीझ आणि वाईन पण बंद कर.

आधी आठवून बघा, तोच बांगडा घरात अजून कोणी खाल्ला होता का आणि त्यांनाही असंच झालं का. दोघा-तिघांना एकदम झालं असेल तर अ‍ॅलर्जी असण्याची शक्यता खूप कमी, तो मासाच हिस्टामिनवाला होता. मी फिश प्रोसेसिंगमध्ये क्वालिटी बघतो, आमच्याकडे बांगडा, तारली, कुपा आले की पहिली टेस्ट हीच.

होतं काय, या माशांच्या मांसात हिस्टिडिन नावाचं अमिनो अ‍ॅसिड मुळातच भरपूर असतं, आणि मासा मेल्यावर बर्फ न घालता उन्हात टोपलीत चार-सहा तास पडला की त्याच्या कल्ल्यातले न् पोटातले बॅक्टेरिया त्याचं हिस्टामिन करून टाकतात. आपलं शरीर अ‍ॅलर्जीत जे सोडतं तेच हे, फक्त इथे ते बाहेरून तयार होऊन पोटात येतं, रक्तवाहिन्या फुलतात, म्हणून चेहरा-मान लाल, डोकं ठणकतं, छातीत धडधडतं. काहींना पहिल्याच घासाला जीभ मिरीसारखी चुरचुरते, तसं लागलं तर तिथेच ताट बाजूला करा.

आता वाईट भाग. एकदा तयार झालं की हे तळून, उकडून, कुकरला लावून, फ्रीझ करून कशानेच जात नाही. वासावरही भरवसा नको, एकाच पेटीतले दोन बांगडे, दोन्ही दिसायला ठीक, एकात काहीच नाही आणि दुसऱ्यात भरपूर, असं होतं. म्हणून घेताना दुकानातला बर्फ बघा, घरी आणल्यावर लगेच साफ करून फ्रीजमध्ये, ओट्यावर तासन्‌तास नको.

चीझचं म्हणाल तर पार्मेझानसारखं महिनोन्‌महिने मुरवलेलं चीझ, रेड वाईन, किमची यांतही बॅक्टेरियाच हे काम करतात, पण सहसा प्रमाण कमी असतं आणि आतड्यातलं डीएओ नावाचं एन्झाइम बहुतेकांचं ते निस्तरतं. ताज्या पनीरमध्ये तर नगण्यच. त्यामुळे एका बांगड्यावरून सगळं बंद करायची गरज नाही, दर वेळी त्याच पदार्थाने डोकं दुखत असेल तर गोष्ट वेगळी. मात्र टीबीच्या गोळ्या चालू असतील तर सांभाळा, त्यातलं आयसोनियाझिड हे एन्झाइम दाबतं, मग बाकीच्यांना पचलेला मासाही त्या पेशंटला लागतो. डॉक्टरांना औषधं नक्की सांगा.

एरवी हे काही तासांत उतरतं, डॉक्टर सहसा सेट्रिझिनसारखी गोळी देतात. पण श्वास लागला, घसा आवळल्यासारखा झाला किंवा गरगरलं तर हिस्टामिन की अ‍ॅलर्जी याचा विचार न करता सरळ हॉस्पिटल गाठा. आणि एकट्यालाच झालं असेल किंवा चांगला ताजा मासा खाऊनही पुन्हा झालं, तर मात्र अ‍ॅलर्जीची टेस्ट करून घ्या, तोपर्यंत मासा खाऊन बघायचे प्रयोग घरी करू नका.