राउटर म्हातारा झालाय की नुसता अडकलाय?

प्रश्न : २०० एमबीपीएसचा प्लॅन घेतला, पण स्पीड टेस्ट ९४ च्या वर जातच नाही. कंपनीचा माणूस म्हणतो लाइन ठीक आहे. (कोथरूड)

तो बहुधा खरं बोलतोय. ९४ हा आकडाच दुखणं सांगतो. १०० एमबीपीएसच्या पोर्टमधून, पाकिटांवरची वेष्टनं वजा जाता, साधारण ९४-९५ एवढंच हाती लागतं. म्हणजे वाटेत कुठेतरी १०० चा अडसर आहे.

आधी लॅपटॉप केबलने थेट फायबरच्या डब्याला लावून टेस्ट करा. (युजरनेम-पासवर्ड राउटरमध्ये भरलेला असेल, तर तो तेवढ्यापुरता लॅपटॉपवर टाकावा लागेल.) मग तीच केबल राउटरला लावून पुन्हा टेस्ट करा. डब्यावर १९० च्या आसपास आणि राउटरवर ९४ आलं, तर लाइनमध्ये दोष नाही. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये हे टाइप करा:

```
Get-NetAdapter
```

LinkSpeed खाली 1 Gbps दिसायला हवं. तिथे 100 Mbps दिसलं तरी लगेच राउटर मोडीत काढू नका. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात, १०० ला चारच पुरतात. उरलेल्या चारांतली एखादी तार तुटली की जोडणी बहुधा गुपचूप १०० वर उतरते आणि नेट चालूच राहतं, म्हणून कुणाला शंका येत नाही. लॅपटॉपची आणि डब्यापासून राउटरपर्यंतची, दोन्ही केबली बदलून बघा. तरीही ९४ च येत असेल, तर राउटरच्या मॉडेलची माहिती उघडा. पोर्टपुढे 10/100 लिहिलं असेल, तर फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर, कितीही नवं टाका, फरक पडणार नाही. इथे राउटर बदलणं हाच उपाय.

प्रश्न : रीस्टार्ट केला की तीन-चार दिवस नेट छान चालतं, मग पुन्हा रखडतं. फर्मवेअर अपडेट करायची भीती वाटते. (सिंहगड रोड)

घरातला प्रत्येक फोन, टीव्ही आणि कॅमेरा उघडत असलेल्या जोडण्यांची नोंद राउटर आपल्या मेमरीत ठेवतो. जुन्या फर्मवेअरमध्ये दोष असेल, तर वापरून झालेली मेमरी मोकळी होत नाही, ती भरत जाते. रीस्टार्टने ती रिकामी होते, म्हणून तेवढ्यापुरतं बरं वाटतं. हा दोष अपडेटने जाऊ शकतो, तेव्हा करून बघाच.

राउटर उलटा करा. मॉडेलच्या नावाबरोबर व्हर्जनही छापलेलं असतं. नाव तेच असलं तरी V1 आणि V3 आतून वेगळे असू शकतात आणि चुकीची फाइल टाकली तर राउटर कायमचा बंद पडू शकतो. फाइल कंपनीच्याच साइटवरून घ्या, सेटिंग्ज लिहून ठेवा, वाय-फायऐवजी केबल वापरा. महत्त्वाचं म्हणजे राउटर इन्व्हर्टरवर असू द्या. फर्मवेअर लिहिलं जात असताना वीज गेली, तर अपडेट अर्धवट राहून राउटर सुरूच होणार नाही. राउटर नेट कंपनीने दिलेला असेल, तर हे काम बहुतेक वेळा त्यांच्याकडूनच होतं. तिथे फोन करा.

अपडेटनंतरही रखडलं तर अडॅप्टरवर संशय घ्या. माझ्या मते हा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. आतले कपॅसिटर उष्णतेने सुकतात, विजेचा दाब डळमळतो आणि एकदम बरीच उपकरणं जोडली गेली की राउटर लटपटतो. टीव्हीमागच्या बंद कपाटात, एप्रिल-मेच्या पुण्यात, हे लवकर होतं. व्होल्ट तेच, पिनची ध्रुवता तीच आणि अँपिअर तेवढेच किंवा जास्त असलेला दुसरा अडॅप्टर लावून आठवडाभर पाहा. राउटरच्या किमतीच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे.

प्रश्न : फोनवर वाय-फायचा लिंक स्पीड 54 Mbps च्या पुढे जात नाही. फोन नवा आहे. (हडपसर)

राउटरच्या वायरलेस सिक्युरिटीत TKIP निवडलेलं आहे का ते बघा. त्या जुन्या पद्धतीबरोबर वाय-फायचा नंतरचा वेग वापरता येत नाही, तो ५४ वरच थांबतो. WPA2 आणि AES निवडा. AES चा पर्यायच नसेल, तर तो राउटर निवृत्त करा.

प्रश्न : आमचा प्लॅन ४० चा आहे, राउटर आठ वर्षांचा. सगळं नीट चालतंय, तर कशाला बदलायचा? (सदाशिव पेठ)

वेगासाठी बदलू नका. फक्त कंपनीच्या साइटवर तुमच्या मॉडेलच्या शेवटच्या फर्मवेअरची तारीख पाहा. अनेक वर्षांत काही आलं नसेल, तर सापडलेली भोकं आता बुजवली जाणार नाहीत. २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाच्या घुसखोर प्रोग्रामने जगभरात किमान पाच लाख उपकरणं पकडली. त्यांत घरगुती राउटर मोठ्या संख्येने होते. तुमच्या राउटरमध्ये DNS चे, म्हणजे वेबसाइटचं नाव कुठे शोधायचं ते सांगणारे, तुम्ही न भरलेले पत्ते दिसले, तर नेट कंपनीकडून खात्री करून घ्या.

नवा घेताना सगळे पोर्ट गिगाबिट आणि वाय-फाय 2.4 आणि 5 GHz या दोन्ही बँडचं असू द्या. जुन्या वाड्याच्या जाड भिंतींतून 5 GHz फारसं पलीकडे जात नाही. तेव्हा एकच महागडा राउटर घेण्यापेक्षा साधा घ्या आणि आतल्या खोलीपर्यंत केबल ओढून तिथे दुसरा ॲक्सेस पॉइंट लावा.