भांडण झालं की नवरा भिंतीसारखा गप्प होतो

ताई, लग्नाला सहा वर्षं झाली, आम्ही त्रिमूर्ती नगरला राहतो. परवा कूलरमध्ये पाणी भरण्यावरून सुरू झालं. मी म्हटलं तुला कधीच काही लक्षात राहत नाही, तो म्हणे मग तूच भरायचं होतं, मी काय रिकामा बसून असतो का. मग माझ्या तोंडून निघालं की तुझ्या घरच्यांनी तुला शिकवलंच काय. झालं, तेव्हापासून मी बोलून राहिली आणि तो मोबाईल पाहून राहिला. त्याला माझी काही किंमतच नाही का?

अगं, किंमत नाही म्हणूनच गप्प बसतो असं नसतं. अमेरिकेत सिएटलला जॉन गॉटमन नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी जोडप्यांना यंत्रं लावून भांडताना पाहिलं, तर असा गप्प बसलेला माणूस वरून दगड दिसला तरी आतून त्याची छाती धडधडत असते, ठोके मिनिटाला शंभराच्या वर जातात आणि मग समोरचं बोलणं नीट डोक्यात शिरतच नाही. त्या वेळी तू जितकं जोर लावून बोलशील तितका तो आत जाईल. त्यांनी काही जोडप्यांचं भांडण यंत्र नीट करायच्या नावाखाली मध्येच थांबवलं, अर्धा तास मासिकं वाचायला दिली, ठोके खाली आले आणि परत बोलायला बसले तेव्हा बोलण्याचा सूरच वेगळा होता.

म्हणून ब्रेक घ्या, पण शांत असताना आधीच ठरवून. ज्याचं डोकं तापलं त्याने म्हणायचं, 'मला आत्ता जमत नाहीये, साडेनऊला बोलू', आणि साडेनऊला त्यानेच परत यायचं. वेळ न सांगता उठून जाणं म्हणजे पुन्हा तीच भिंत. निदान वीस मिनिटं तरी लागतात, आणि त्यात 'आता आला की असं सुनावते' हे मनात घोळवत बसलीस तर तो वेळ वाया गेला समज, त्यापेक्षा खाली एक चक्कर मार.

आता तुझ्या बाजूचं. 'कधीच' म्हटलं की ते कूलरवरून त्याच्या स्वभावावर जातं, मग तो बचाव करणारच. 'घरात खूप गरम होतंय रे, मी थकले, आज पाणी तू भरशील का' असं सुरू केलं असतं तर त्याला 'हो विसरलो, भरतो' म्हणायला जागा राहिली असती, आणि एवढं त्यानेही म्हणायला शिकायलाच हवं. पण मला खरी काळजी 'घरच्यांनी शिकवलंच काय' याची वाटते. ही टीका नाही, तुच्छता आहे, आणि गॉटमनना घटस्फोटाचं सगळ्यात मोठं लक्षण हेच दिसलं. तोंड वाकडं करणं, डोळे फिरवणं, नक्कल करणं, सगळं त्यातच येतं. ते वाक्य माघारी घे, त्याच्यासमोर, 'पण' न लावता.

दोन-तीन महिने असं करूनही तो ठरल्या वेळी परत येतच नसेल तर दोघं मिळून काउन्सेलरकडे जा. आणि त्याच्या गप्प बसण्याची तुला भीती वाटत असेल, हात उगारणं, पैसे बंद करणं असं काही असेल, तर हे ब्रेक-बिक विसर आणि १८१ या महिला हेल्पलाइनला फोन कर.