स्लाइड्सच्या डेकवरून बैठकीआधीचं टिपण कसं लिहावं?

प्रश्न: पणजीत सोमवारी हॉटेलच्या स्ट्रॅटेजीची बैठक आहे. २८ स्लाइड्स तयार आहेत, पण चर्चेला वेळच उरत नाही. आधी वाचायला काय पाठवू?

उत्तर: पीपीटीची पीडीएफ पाठवू नका, ती कोणी वाचत नाही. दोन पानी टिपण लिहा आणि पहिल्याच वाक्यात कोणता निर्णय हवा आहे ते सांगा.

खरं काम पुढे आहे. बुलेटमध्ये ‘म्हणून’ आणि ‘तरीही’ गळून जातात. ते शब्द सादर करणारा तोंडाने भरतो, त्यातच तास जातो. समजा, स्लाइडवर आहे: ‘पावसाळा: कमी बुकिंग, स्थिर खर्च, संधी’. टिपणात असं लिहा: ‘जून ते सप्टेंबर ४० पैकी २५ खोल्या रिकाम्या असतात, पगार मात्र पूर्ण जातो. म्हणून वरचा मजला बंद ठेवून तिथली माणसं लग्न-समारंभांच्या कामाला लावावीत. पण पुरेशी लग्नं मिळाली नाहीत तर नुसता मजला बंद राहील.’ लिहिताना ‘म्हणून’ जुळेना, तर दोष वाक्यात नसतो, स्लाइडवरच्या तर्कात असतो. माझ्या एका डेकमधल्या सहा स्लाइड्स अशाच गळाल्या!

आलेख एखादाच ठेवा, बाकीचे परिशिष्टात. शेवटी दोन-तीन वादाचे प्रश्न लिहा: ‘मजला बंद की दर कमी?’ ‘माहितीसाठी’ असं काही नको.

शुक्रवारी पाठवा. तरी निम्मे लोक न वाचताच येणार (रविवारी मासे सोडून टिपण कोण वाचतो?), म्हणून बैठकीची पहिली १० मिनिटं शांत वाचनाला द्या. अ‍ॅमेझॉनमध्येही बैठकीच्या सुरुवातीला असंच वाचतात. प्रोजेक्टर बंदच ठेवा.