पुण्याची बढती नाकारताना

भाऊ, बढती घेऊन नागपूरहून पुण्याला जायचं नसेल तर आधी नेमणूकपत्रातलं बदलीचं कलम वाच. हातात प्रस्ताव आहे की बदलीचा आदेश, ते ओळख; आदेशाला नुसता नकार चालत नाही, तिथे विनंती अर्ज लागतो.

प्रस्तावच असेल तर साहेबांना आधी समक्ष भेट, मेल त्याच दिवशी पाठव. 'बघतो, घरी विचारतो' म्हणत पंधरा दिवस काढू नको. तिकडची जागा अडून राहते, राग त्याचाच येतो. मीही ती चूक केली होती.

कारण एकच दे. घरभाडं, शाळा, आई अशी यादी दिलीस की ते एकेकावर तोडगा काढतात. एवढंच लिही:

'माझा विचार केलात, मनापासून आभार. कौटुंबिक जबाबदारीमुळे सध्या नागपूर सोडणं शक्य नाही, म्हणून ही बढती स्वीकारू शकत नाही. इथली नवी जबाबदारी घ्यायला मात्र तयार आहे.'

'सध्या' खरं असेल तरच ठेव, नाहीतर सहा महिन्यांनी पुन्हा विचारतील.